नवजात बाळाची कावीळ: 24 तासांच्या अटीमागची पार्श्वभूमी

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बालरोगशास्त्राच्या पेपरची तयारी करणाऱ्या बहुतेकांच्या वहीत एक तक्ता असतो. नैसर्गिक कावीळ 24 तासांनंतर दिसते, दिवसाला 5 मिलिग्रॅमपेक्षा कमी वाढते, डायरेक्ट बिलिरुबिन कमी असतं आणि पूर्ण दिवसांच्या बाळात दोन आठवड्यांत ती ओसरते. तक्ता बरोबर आहे, पण नुसता पाठ केला तर केस जरा फिरवून विचारली की हात थांबतो. या अटी कुठून आल्या हे कळलं की तक्त्याची गरजच कमी होते.

सुरुवात डायरेक्ट आणि इनडायरेक्टपासून करू. 1916 मध्ये नेदरलँड्सचे व्हॅन डेन बर्ग आणि त्यांचे सहकारी म्यूलर यांना दिसलं की पित्तमार्ग अडलेल्या रुग्णाच्या सीरममध्ये डायझो रसायन घातलं की लगेच रंग येतो, तर रक्तपेशी फुटून झालेल्या काविळीत त्यासाठी अल्कोहोल घालावं लागतं. असं का होतं, हे पुढची 40 वर्षं कोडंच राहिलं. 1956-57 च्या सुमारास वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी उलगडा केला: यकृत बिलिरुबिनला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं, म्हणून ते पाण्यात विरघळतं आणि अल्कोहोलशिवाय रंग देतं.

त्यामुळे सगळा मार्ग एका ओळीत मांडता आला. म्हाताऱ्या तांबड्या पेशींतल्या हीमपासून आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन. ते अल्ब्युमिनवर बसून यकृतात जातं, तिथे UGT1A1 हे एन्झाइम त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं, आणि ते पित्तातून आतड्यात उतरतं. नवजात बाळात तांबड्या पेशी जास्त असतात आणि मोठ्यांच्या 120 ऐवजी 70 ते 90 दिवसच जगतात, म्हणून वजनाच्या मानाने बिलिरुबिन साधारण दुप्पट तयार होतं. एन्झाइम जन्माच्या वेळी जवळपास निजलेलं असतं. शिवाय आतड्यात आलेलं बिलिरुबिन पुन्हा सुटं होऊन रक्तात परततं.

आता 24 तासांची अट बघा. यकृत कितीही मंद असलं, तरी नेहमीच्या गतीने तयार होणारं बिलिरुबिन पहिल्याच दिवशी डोळ्यांना दिसण्याइतकं, म्हणजे 5 मिलिग्रॅमच्या आसपास, सहसा साठत नाही. ते साठलं असेल तर दोष फक्त यकृताच्या मंदपणाचा नाही; पेशी नेहमीपेक्षा जास्त फुटत आहेत, असं आधी धरायचं.

एक केस घेऊ. पहिलटकरीण, रक्तगट ओ पॉझिटिव्ह. बाळ पूर्ण दिवसांचं, 3 किलोचं, बी पॉझिटिव्ह. 18 तासांनी अंग पिवळं दिसलं. एकूण बिलिरुबिन 10 मिलिग्रॅम, डायरेक्ट 0.6, हिमोग्लोबिन 13, रेटिक्युलोसाइट 9 टक्के, डायरेक्ट कूम्ब्स किंचित पॉझिटिव्ह. नाळेच्या रक्तात साधारण 2 मिलिग्रॅम धरलं तर 18 तासांत 8 ची वाढ, म्हणजे तासाला 0.4 पेक्षा जास्त. दिवसाला 5 म्हणजे तासाला जेमतेम 0.2; इथे वेग त्याच्या दुप्पट आहे. डायरेक्ट कमी, म्हणजे पित्तमार्ग मोकळा. हिमोग्लोबिन कमी आणि रेटिक्युलोसाइट वाढलेले, म्हणजे पेशी फुटत आहेत. निदान एबीओ विसंगती.

अनेकजण इथे दोन ठिकाणी अडखळतात. "पहिलंच बाळ आहे, मग अँटिबॉडी कुठून?" हा विचार आरएचच्या बाबतीत ठीक आहे, पण ओ गटाच्या आईत ए आणि बी विरुद्धच्या अँटिबॉडी आधीपासूनच असतात, म्हणून पहिलं बाळही सापडतं. दुसरं, कूम्ब्स किंचित पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह आली म्हणून निदान सोडू नये. नवजात पेशींवर हे अँटिजेन विरळ असतात. स्मिअरमधले स्फेरोसाइट इथे मदतीला येतात.

हेच 10 मिलिग्रॅम चौथ्या दिवशी, छान दूध पिणाऱ्या, पूर्ण दिवसांच्या बाळात असते, तर बहुधा नैसर्गिक म्हणून फक्त लक्ष ठेवलं असतं. आकडा तोच, पण वयाच्या तासांमुळे उत्तर बदललं. म्हणूनच 1999 मध्ये भूतानी आणि सहकाऱ्यांनी तासांनुसार वाचायचा आलेख मांडला, आणि म्हणूनच उत्तरपत्रिकेत आधी तास लिहायला मी सांगते.

उपचाराची वाट इंग्लंडमधल्या एसेक्सच्या रॉचफर्ड रुग्णालयात सापडली. उन्हात आलेल्या बाळाच्या त्वचेचा उघडा भाग फिकट झाल्याचं तिथल्या सिस्टर वॉर्ड यांनी डॉक्टरांना दाखवलं; 1958 मध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशोपचारावर लेख लिहिला. प्रकाशाने बिलिरुबिनची रचना बदलते आणि ग्लुकुरोनिक आम्ल न जोडताही ते बाहेर पडू शकतं. आपल्याकडे मात्र "कोवळ्या उन्हात ठेवतोय" म्हणत घरी थांबणं होतं. वरच्या केसमध्ये ते घातक ठरेल, कारण सुटं बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोहोचू शकतं.

प्रकाश उपयोगी नाही अशी केस म्हणजे तीन आठवड्यांचं बाळ, एकूण 8, डायरेक्ट 5, लघवी गडद, शी पांढुरकी. इथे ग्लुकुरोनिक आम्ल जोडलं गेलंय, अडथळा त्यापुढे आहे. बिलिअरी अट्रेसिया शोधायलाच हवी, कारण कासाई शस्त्रक्रियेचा फायदा साधारण 60 दिवसांच्या आत ती झाली तर जास्त होतो. अशा बाळाच्या आईला लंगोटातली शी दाखवायला सांगावं आणि रंग स्वतःच्या डोळ्यांनी बघावा.