निवड, विचलन, जातिउद्भव : एका धड्यामागची शंभर वर्षे

बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती शिकताना नैसर्गिक निवड, जनुकीय विचलन आणि जातिउद्भव हे मथळे एकाखाली एक येतात. व्याख्या पाठ होतात. पण तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय असे विचारले की मुले अडतात. माझ्या मते दोष मुलांचा नाही. या संकल्पना एकाच वेळी जन्मलेल्या नाहीत. आधीच्या संकल्पनेने मागे ठेवलेल्या प्रश्नातून पुढची उभी राहिली. तो क्रम धरला की धडा तीन उदाहरणांत बसतो, आणि त्यांतली दोन तर एकाच बेटावरची आहेत.

सुरुवात १८५८ची. त्या वर्षी डार्विन आणि वॉलेस यांचे निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले. मांडणी साधी होती. एकाच जातीच्या प्राण्यांत फरक असतात, त्यांतले काही पिल्लांत उतरतात आणि सगळेच जगून प्रजनन करत नाहीत. मग जगायला मदत करणारे फरक पुढच्या पिढीत वाढणारच. मात्र डार्विनची ठाम समजूत होती की हा बदल इतका संथ असतो की तो घडताना माणसाला दिसणार नाही.

तो दिसला, आणि तोही डार्विन स्वतः जाऊन आलेल्या, पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवरच. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून तिथल्या डॅफ्नी मेजर या छोट्या, निर्मनुष्य बेटावर फिंच पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला. पक्षी पकडायचा, पायात रंगीत कड्या घालायच्या, चोचीची लांबी, रुंदी, जाडी मोजायची आणि सोडून द्यायचा. १९७७ मध्ये पाऊस जवळपास आलाच नाही. मध्यम आकाराच्या भूफिंचांना लागणारे बारीक, मऊ बी काही महिन्यांत संपले. उरली ती टणक, काटेरी फळे. ती सराट्याची. आपल्या माळरानावर पायात रुततो त्या सराट्याचीच ही भावकी, एकाच प्रजातीतली पण वेगळ्या जातीची. ज्यांची चोच जाड त्यांना ते फळ फोडून आतले बी काढता येई. बारीक चोचीच्या पक्ष्यांना ते जमत नसे. दुष्काळ सरेपर्यंत सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले होते. वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीच्यापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त भरली.

इथे उत्तरपत्रिकेत हमखास चूक होते : ‘दुष्काळात पक्ष्यांनी चोच जाड करून घेतली.’ एकाही पक्ष्याची चोच वाढली नव्हती. बारीक चोचीचे मेले, म्हणून सरासरी सरकली. पण एवढ्याने उत्क्रांती सिद्ध होत नाही. चोचीची जाडी आईबापांकडून पिल्लांकडे जाते, हे दुष्काळाआधीच्या मापांवरूनच दिसले होते. १९७८ मध्ये निपजलेल्या पिल्लांच्या चोचीही जुन्या सरासरीपेक्षा जाड निघाल्या, तेव्हा साखळी पूर्ण झाली. निवडीला कायमची दिशा नसते, हेही याच बेटाने दाखवले. १९८३च्या एल निनोत धो धो पाऊस पडला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि त्यानंतर लहान चोचीचे पक्षी जास्त टिकले.

आता दुसरा प्रश्न. जे थोडे वाचले, त्यांत केवळ नशिबाने वाचलेले किती? डार्विनकडे हे मोजायचे साधन नव्हते, कारण आनुवंशिकतेचे गणितच त्याला ठाऊक नव्हते. रंगात रंग मिसळावा तसे आईबापांचे गुण मिसळतात अशी त्या काळची समजूत होती. तसे असेल तर कुठलाही नवा गुण काही पिढ्यांत फिका पडून जाईल, ही अडचण त्याला सुटली नाही. मेंडेलचे काम १९०० मध्ये पुन्हा प्रकाशात आले आणि कळले की जनुके मिसळत नाहीत, सुटी राहतात. सुटी असतात म्हणून ती मोजता येतात. १९३१ मध्ये स्यूअल राइट यांनी दाखवले की लहान समूहात जनुकांचे प्रमाण केवळ योगायोगानेही वरखाली होते आणि एखादे रूप त्यात पार नाहीसे होऊ शकते. हेच जनुकीय विचलन. रोनाल्ड फिशर यांचे म्हणणे होते की निसर्गातले समूह मोठे असतात, तिथे योगायोगाला फारसे स्थान नाही. हा वाद दोघांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

या वादात मला सर्वांत स्पष्ट बोलणारा प्रयोग वाटतो तो पीटर ब्युरी यांचा, १९५६चा. फळमाशीच्या डोळ्यांचा रंग ठरवणाऱ्या एका जनुकाची दोन रूपे त्यांनी घेतली. कुठल्या माशीत कोणते रूप आहे, हे डोळ्यांच्या रंगावरूनच ओळखता येई. त्यांनी १०७ बाटल्या मांडल्या, प्रत्येकीत ८ नर आणि ८ माद्या. दोन्ही रूपांचे प्रमाण सुरुवातीला निम्मे-निम्मे. दर पिढीत पिल्लांतून पुन्हा १६ माश्या कसलीही आवडनिवड न ठेवता उचलायच्या, असे १९ पिढ्या. शेवटी निम्म्याहून अधिक बाटल्यांत एकच रूप उरले होते. काहींत एक, साधारण तितक्याच बाटल्यांत दुसरे. सगळ्या बाटल्या एकत्र धरल्या तर प्रमाण मात्र निम्म्याच्या आसपासच राहिले. निवड आणि विचलन वेगळे ओळखायची खूण हीच आहे. निवड असती तर बहुतेक बाटल्या एकाच बाजूला झुकल्या असत्या.

मग दोन समूह एकमेकांपासून तुटले, दोन्हींत निवड आणि विचलन आपापल्या वाटेने चालू राहिले, तर त्यांना दोन जाती कधी म्हणायचे? डार्विनच्या ग्रंथाच्या नावात जातींचा उगम होता, पण या प्रश्नाचे आजचे रूढ उत्तर अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये दिले : ज्यांचे आपसांत प्रजनन होते आणि इतरांशी होत नाही, ती एक जाती. डोंगर, समुद्र, अंतर यांनी समूह वेगळे पडणे हा नेहमीचा मार्ग, आणि त्याला सहसा हजारो-लाखो वर्षे लागतात. म्हणूनच डॅफ्नीवरची ही गोष्ट विलक्षण आहे.

१९८१ मध्ये तिथे एक अनोळखी नर आला. तो मोठा होता, डोके चांगलेच रुंद होते आणि गाणे कुणाशीच जुळत नव्हते. तो शंभराहून जास्त किलोमीटर लांबच्या एस्पानोला बेटावरच्या जातीचा होता, हे पुढे जनुकीय तपासणीतून कळले; ते निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने स्थानिक भूफिंच मादीशी जोडी केली. फिंचांत मुलगे बापाचे गाणे शिकतात आणि मादी गाणे व चोच पाहून जोडीदार निवडते. त्यामुळे या वंशातले पक्षी लवकरच आपसांतच जोड्या करू लागले. २००३-०४च्या दुष्काळात त्यांतले फक्त एक भाऊ आणि एक बहीण उरली. एका पक्ष्यात दोन, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या फार तर चार प्रती. ब्युरींच्या बाटलीतही याहून आठपट होत्या. कुठली जनुके पुढे जाणार, याचा बराचसा निकाल योगायोगानेच लागला असणार. तरी वंश तगला, आणि त्यांच्या मोठ्या चोचीला सराट्याची फळे जड जात नव्हती.

तरीही ग्रँट दांपत्य सावध राहिले. पक्षी होते सुमारे तीस. टोपणनाव ‘बिग बर्ड’, शास्त्रीय नाव नाही. मायरच्या व्याख्येतली अट ते डॅफ्नीवर पाळत होते. पण आणखी एका दुष्काळात संपणे किंवा शेजारच्या फिंचांत पुन्हा मिसळून जाणे, दोन्ही शक्य होते.