रिपोर्टात 'न्यूरोसिस्टिसर्कोसिस' आलंय: जंतांचं औषध कधी घ्यायचं, कधी नाही

सीटी स्कॅन व एमआरआय केंद्रातर्फे रुग्ण आणि नातेवाइकांसाठी माहितीपत्रक

फिट आली म्हणून स्कॅन केला आणि रिपोर्टात हे नाव आलं, की काउंटरवर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "मेंदूत किडा गेला कसा?" आणि "मग जंताची गोळी आजच सुरू करू का?" पहिल्याचं उत्तर थोडक्यात देता येतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र किडा कुठल्या अवस्थेत दिसतोय यावर ठरतं, आणि तिथे घाई केली तर रुग्णाला त्रास होऊ शकतो. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच आहे.

किडा गेला कसा?

हा डुकराच्या मांसातून येणाऱ्या 'टेनिया सोलियम' नावाच्या पट्टकृमीचा प्रकार. अर्धवट शिजलेलं, अळ्या असलेलं डुकराचं मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात लांबलचक कृमी वाढतो. मेंदूतला आजार त्या मांसातून होत नाही. आतड्यात कृमी असलेल्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, ती हातांवरून, पाण्यातून किंवा कच्च्या भाजीवरून दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथे अंड्यातून निघालेला जीव रक्तात शिरतो आणि मेंदूत, स्नायूंत, कधी डोळ्यांत जाऊन बसतो. म्हणून माळकरी घरातही हा आजार दिसतो, आणि "आमच्याकडे कुणी मटणसुद्धा खात नाही" म्हणणाऱ्यांचं काही चुकलेलं नसतं. कोबीतला किडा मेंदूत चढतो ही समजूत खरी नाही. कोबीच काय, नीट न धुतलेल्या कुठल्याही कच्च्या भाजीला ही अंडी चिकटलेली असू शकतात.

घरातल्याच किंवा घरी स्वयंपाकाला येणाऱ्या एखाद्याच्या आतड्यात कृमी असू शकतो. डॉक्टरांनी घरच्यांची शौचाची तपासणी सांगितली तर ती जरूर करा.

चार अवस्था, आणि फिट नेमकी कधी येते

मेंदूत पोचलेली अळी पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या छोट्या पिशवीत राहते. ही पहिली, जिवंत अवस्था. एमआरआयमध्ये गोल पिशवी आणि आत एक ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. आजूबाजूला सूज जवळजवळ नसते, कारण शरीराला तिचा पत्ताच लागलेला नसतो. अशी पिशवी वर्षानुवर्षं काही त्रास न देता राहू शकते.

मग कधीतरी अळी मरायला लागते. द्रव गढूळ होतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते. भोवती सूज येते, आणि शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यावर पिशवीची कड चमकते. रिपोर्टात 'रिंग एन्हान्सिंग लिजन' लिहिलेलं असतं ते हेच. ही दुसरी अवस्था. तिसऱ्या अवस्थेत पिशवी आक्रसून छोटी गाठ होते, कड अजून चमकते, पण सूज ओसरू लागते. चौथ्या अवस्थेत तिथे कॅल्शियम साचतं आणि कच्च्या साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका उरतो. तो सीटीवर चटकन ओळखू येतो, साध्या एमआरआयमध्ये निसटूही शकतो. एमआरआय झाल्यावरही डॉक्टर कधीकधी साधा सीटी मागवतात, तो यासाठी.

बहुतेकांना फिट येते ती दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत. म्हणजे फिट आली तेव्हा अळी मरायच्या वाटेवर असते किंवा मेलेली असते, आणि फिटचं कारण असते भोवतालची सूज. भारतात सगळ्यात जास्त दिसतो तो हाच प्रकार: एकच, लहानशी, चमकणारी गाठ.

या गाठीने आपल्याकडच्या डॉक्टरांनाही बरीच वर्षं चकवलं होतं. १९८०च्या दशकात सीटी स्कॅन आले आणि फिट येणाऱ्या रुग्णांमध्ये अशा गाठी दिसू लागल्या. त्या टीबीच्या असाव्यात असं धरून अनेकांना महिनोन्महिने टीबीची औषधं दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा बहुतेकांत ही अळी सापडली. आजही टीबीची शंका घ्यावी लागते. गाठ २० मिलिमीटरपेक्षा मोठी असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, सुजेने मेंदूची मधली रेषा सरकली असेल, ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर आम्ही रिपोर्टात ते वेगळं नमूद करतो आणि डॉक्टर पुढच्या तपासण्या करतात.

मग औषध कुणाला?

एक उदाहरण घेऊ. हे कल्पित आहे, पण नेहमीच्या रुग्णांसारखंच आहे. नऊ वर्षांची मुलगी, वजन २४ किलो. वर्गात लिहिता लिहिता उजवा हात झटके देऊ लागला, मग तोंड वाकडं झालं, दोन मिनिटांत सगळं थांबलं. ताप नाही, उलट्या नाहीत. कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला ९ मिलिमीटरची एक चमकणारी कडी, आत ठिपका, भोवती बेताची सूज. शरीराची उजवी बाजू मेंदूच्या डाव्या भागाच्या ताब्यात असते, त्यामुळे जागाही जुळते.

हिला सगळ्यात आधी सुरू होतं ते फिटचं औषध, कारण आजचा धोका फिटचा आहे. त्यानंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासला जातो. हा टप्पा चुकवू नका. डोळ्यात अळी असेल आणि औषधाने ती मेली, तर तिथे उठणाऱ्या सुजेने दृष्टी जाऊ शकते. डोळे ठीक निघाले की आधी सूज कमी करणारं स्टिरॉइड आणि मग अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध, हा क्रम असतो. अल्बेंडाझोलचा डोस दर किलोला दिवसाला १५ मिलिग्रॅम. २४ किलोला होतात ३६०. डॉक्टर सोयीसाठी सकाळी २०० आणि संध्याकाळी २०० असे देऊ शकतात. अशा एकाच गाठीसाठी मुदत साधारण एक ते दोन आठवडे. हे औषध उपाशीपोटी नीट शोषलं जात नाही. तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर द्यावं.

अळी मरतच आली असेल तर औषध कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर डॉक्टरांमध्येही बराच वाद झालेला आहे. पुष्कळ गाठी औषधाविनाही विरघळतात. पण अल्बेंडाझोल आणि स्टिरॉइड एकत्र दिल्यास गाठ लवकर जाते आणि पुन्हा फिट येण्याचं प्रमाण कमी होतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनीही अशा गाठीसाठी हेच सुचवलं आहे. पहिल्या अवस्थेतल्या जिवंत पिशव्यांमध्ये औषधाचा फायदा आणखी स्पष्ट असतो. दोनपेक्षा जास्त जिवंत पिशव्या असतील तर जोडीला प्राझिक्वांटेल हे जंतांचं दुसरं औषध दिलं जातं.

शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी ४०० मिलिग्रॅमची गोळी याच औषधाची असते. पण तो एकच डोस पोटातल्या जंतांसाठी असतो. "शाळेत गोळी झाली आहे" म्हणून मेंदूचा उपचार झाला असं होत नाही. आणि रिपोर्ट वाचून दुकानातून तीच गोळी आणून घरी रोज द्यायला लागू नका.

औषध कुणाला नाही?

रिपोर्टात फक्त कॅल्शियमचा ठिपका असेल, तर जंतांच्या औषधाला मारायला काही उरलेलंच नसतं. अशा रुग्णाला फिटचं औषध पुरतं. हा ठिपका बराच काळ फिटचं कारण राहू शकतो. त्याच्याभोवती मधूनच सूज येते आणि फिट परतते. तेव्हा नातेवाइकांना वाटतं की किडा पुन्हा जिवंत झाला, म्हणून अल्बेंडाझोलचा दुसरा, तिसरा कोर्स होतो. त्याचा उपयोग नाही.

दुसरा गट याहून काळजीचा. काही मुलांत आणि तरुण स्त्रियांत मेंदूभर असंख्य पिशव्या असतात आणि सगळा मेंदू सुजलेला असतो. डोकं ठणकतं, उलट्या होतात, अंधुक दिसतं, गुंगी येते. इथे जंतांचं औषध दिलं तर असंख्य अळ्या एकदम मरतील, सूज आणखी वाढेल, जीवावर बेतेल. म्हणून अशांना फक्त सूज उतरवण्याचे उपचार देतात. मेंदूतल्या पाण्याची वाट अडून दाब वाढला असेल, तर आधी न्यूरोसर्जनकडून तो दाब कमी करून घ्यावा लागतो. गरोदरपणात जंतांचं औषध शक्यतो बाळंतपणानंतर देतात, फिटचं औषध मात्र चालू राहतं.

कोर्स चालू असताना

अळी मरताना सूज उठते, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत डोकं दुखू शकतं किंवा फिट येऊ शकते. ते दिसलं की लगेच डॉक्टरांना फोन करा. "औषध मानवत नाही" म्हणून स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, आणि स्टिरॉइड तर अजिबात अचानक थांबवू नका. सतत उलट्या, गुंगी किंवा पाच मिनिटांपेक्षा लांबलेली फिट असेल तर थेट रुग्णालय गाठा. फिट चालू असताना रुग्णाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, नाकाला कांदा-चप्पल लावू नका. फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. या फिटच्या औषधांमुळे अल्बेंडाझोलचं रक्तातलं प्रमाण घटतं. घरात कुणाला टीबी झालेला असेल तर तेही स्टिरॉइड सुरू होण्याआधी सांगा.

पुढचा स्कॅन

साधारण सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला जातो. वरच्या उदाहरणातल्या मुलीची गाठ पूर्ण विरघळली आणि सहा महिने फिट आली नाही, तर डॉक्टर फिटचं औषध हळूहळू उतरवण्याचा विचार करतात. कॅल्शियमचा ठिपका उरला तर ते आणखी बराच काळ चालतं. गाठ तशीच राहिली तर पुन्हा उपचार द्यायचे का ते डॉक्टर ठरवतात, आणि वाढली असेल तर मुळात ती याच आजाराची आहे का हे नव्याने तपासावं लागतं.

या स्कॅनला येताना नुसता जुना रिपोर्ट आणू नका, जुन्या फिल्म आणि सीडी दोन्ही आणा. ९ मिलिमीटरची गाठ ६ वर आली की नाही, हे दोन्ही चित्रं शेजारी ठेवूनच खात्रीने सांगता येतं. कॉन्ट्रास्ट द्यायचा असल्याने रक्तातल्या क्रिएटिनिनचा अलीकडचा रिपोर्ट सोबत ठेवा, आणि आधीच्या वेळी इंजेक्शननंतर अंगावर पुरळ आलं असेल किंवा धाप लागली असेल, तर टेबलवर झोपण्याआधी आमच्या तंत्रज्ञांना सांगा. फिटची रोजची गोळी स्कॅनच्या दिवशीही चुकवू नका. उपाशी राहायला सांगितलं असलं, तरी ती पाण्याच्या घोटाबरोबर कधी घ्यायची हे आदल्या दिवशीच आम्हाला फोन करून विचारून ठेवा.