भूल चढत का नाही?

ऐरोलीतले एक काका गुडघा बदलून घ्यायला ठाण्यातल्या रुग्णालयात येतात, असं धरू. वय ६१, वजन ७० किलो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात उभं आयुष्य शिफ्ट ड्युटी केलेली. नाइट करून आल्यावर दिवसा झोप लागेना, म्हणून कधीकाळी अल्प्राझोलामची ०.५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली आणि निवृत्तीनंतरही चालू राहिली. शिवाय जेवणाआधी रोज एक क्वार्टर. काका कल्पनेतले आहेत, पण या पट्ट्यात भूल देणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला ते ओळखीचे वाटतील.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासतात, त्याला रुग्णालयात सगळे ‘पीएसी’ म्हणतात. तिथे ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ असं विचारल्यावर काका बीपीची गोळी सांगतात. झोपेची सांगत नाहीत. लपवायची असते म्हणून नव्हे, तर इतक्या वर्षांत ती त्यांच्या लेखी औषध राहिलेलीच नसते. दारूचा प्रश्न आला की शेजारी बसलेल्या सुनेकडे एक नजर जाते आणि उत्तर येतं, ‘कधीतरी, थोडीशी.’ फॉर्मवर ‘व्यसन: नाही’ असं लिहिलं जातं.

ही ‘थोडीशी’ मोजून बघू. क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ७७ मिली, वजनात साधारण ६० ग्रॅम. रोज एवढं अल्कोहोल पोहोचणारा मेंदू भुलेच्या औषधांना वेगळं उत्तर देतो.

मेंदूत चेतापेशींना शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं. ते पेशीवरच्या ठरावीक जागी जाऊन बसलं की पेशीची धडपड कमी होते. झोपेची गोळी आणि दारू याच जागेचं काम वाढवतात. गंमत अशी, की ऑपरेशन टेबलावर गुंगीसाठी दिली जाणारी मिडॅझोलाम आणि प्रोपोफॉल ही औषधंही मुख्यतः तिथेच काम करतात. कसारा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापून धरेनासा होतो, तशी ही जागा रोजच्या वापराने दाद देईनाशी होते. एवढ्यावर भागत नाही. मेंदू तोल सांभाळायला उत्तेजित करणारी बाजूही वाढवून ठेवतो. म्हणूनच नव्या माणसाला गुंगवणाऱ्या गोळीवर काका बातम्या बघत बसू शकतात.

आता टेबलावर येऊ. कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केले आहेत, दुखणार काहीच नाही. पण हातोडीचे आवाज ऐकू नयेत म्हणून थोडी गुंगी हवी. या वयात मिडॅझोलाम १ मिलिग्रॅम सावकाश देऊन दोन-तीन मिनिटं थांबतात. काका टक्क जागे. आणखी १, तरी जागेच. उलट थोडे बरळू लागतात, हात हलवतात, चादर ओढतात. अर्धवट गुंगीत माणसाचा ताबा सुटतो, पण झोप लागत नाही, ती ही अवस्था. सर्जन म्हणतात, ‘पेशंट हलतोय.’ सवयीची माहिती नसलेल्या डॉक्टरला वाटतं, बधिरपणा नीट आला नसेल, दुखत असेल. मग फेन्टॅनिलसारखं वेदनाशामक दिलं जातं.

इथे खरा धोका आहे. झोपेच्या परिणामाची जेवढी सवय होते, तेवढी श्वास मंदावण्याच्या परिणामाची होत नाही. झोप येण्याचा डोस वर सरकतो, श्वास अडण्याचा मात्र तेवढा सरकत नाही. दोन्हींमधलं अंतर, म्हणजे आम्हा भूलतज्ज्ञांना काम करायला असलेली जागा, अरुंद होते. त्यात फेन्टॅनिल श्वासाला वेगळ्याच वाटेने मंद करतं. आत्ता बरळणारे काका चार मिनिटांत घोरू लागतात आणि मग घोरणंही थांबतं.

मिडॅझोलामवर फ्लुमाझेनिल नावाचा उतारा आहे. पण वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेणाऱ्याला तो दिला, तर मेंदूला रोजच्या गोळीचा आधार एका क्षणात तुटतो आणि झटके येऊ शकतात. न सांगितलेली गोळी उताराही घातक करून ठेवते.

‘पितो म्हणजे औषध जास्त लागणार’ हा हिशेब मात्र सरसकट चालत नाही. दारूने लिव्हर खराब झालं असेल, तर थोडं औषधही फार वेळ रेंगाळतं. आणि सकाळी पोटात दारू असेल, तर ती आणि भुलेचं औषध यांची बेरीज होते, औषध कमी लागतं. म्हणून ‘किती’ इतकाच ‘शेवटची कधी’ हा प्रश्न महत्त्वाचा.

ऑपरेशन निभावलं तरी गोष्ट संपत नाही. रविवारी रात्री शेवटचा पेग आणि गोळी, सोमवारी ऑपरेशन. सोमवारी रात्रीपर्यंत हाताला कंप, घाम, वाढलेली नाडी. पहिल्या दोन दिवसांत झटक्यांची भीती. मंगळवारच्या रात्रीपासून गुरुवारपर्यंत केव्हाही भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसणं, सलाईन उपटणं, नव्या गुडघ्यावर उठून चालायला लागणं. वॉर्डात यावर इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, फुप्फुसात गुठळी अशा सगळ्या शक्यता तपासल्या जातात. तपासायलाच हव्यात. पण बंद झालेली क्वार्टर कुणाला ठाऊकच नसेल, तर नेमक्या उपचाराला उशीर होतो.

तेच काका पीएसीत सरळ बोलले असते तर? भूलतज्ज्ञाने गोळी अचानक बंद करायला सांगितली नसती. आदल्या रात्री नेहमीची मात्रा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली असती. दारू घरच्या घरी एकदम तोडू न देता, हातात दोन आठवडे असल्यास डॉक्टरांच्या देखरेखीत कमी केली असती आणि बी-१ जीवनसत्त्व सुरू केलं असतं. टेबलावर मिडॅझोलामच्या मागे न धावता प्रोपोफॉल पंपाने थेंबाथेंबाने, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख बघत दिलं असतं किंवा सरळ पूर्ण भूल ठरवली असती. वॉर्डात दारू तुटल्याचा त्रास आवरणाऱ्या लोराझेपामची वेळापत्रकाप्रमाणे मात्रा आधीच लिहून ठेवली असती.

न बोलण्यामागे सुनेची लाज असते, तशी मेडिक्लेमची भीतीही असते. केसपेपरवर दारू लिहिली की कॅशलेस अडकेल, हे मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकलेलं आहे. भीती अगदीच निराधार नाही, कारण दारूमुळे झालेल्या आजाराचा खर्च अनेक पॉलिसींत वगळलेला असतो. पण झिजलेला गुडघा दारूने झालेला नसतो. आणि तिसऱ्या रात्री भ्रम झाला, तर तीच नोंद केसपेपरवर येते, वर आयसीयूच्या बिलासकट.

घरच्यांसमोर बोलायचं नसेल, तर ‘डॉक्टर, दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय’ एवढं पुरतं. गोळीचं नाव आठवत नसेल तर रिकामी स्ट्रिप दाखवावी. दारूचं माप पेगात नाही, बाटलीत सांगावं, कारण घरच्या पेगाला माप नसतं. पीएसीत राहून गेलं असेल, तर ऑपरेशनच्या सकाळी भूलतज्ज्ञ पुन्हा भेटायला येतात तेव्हा सांगितलं तरी चालतं. फार तर ऑपरेशन पुढे ढकललं जाईल.