तब्येतीमुळे नोकरी सोडताय? राजीनामा असा लिहा

'घरगुती कारणास्तव' असे लिहून राजीनामा देण्याची सवय आपल्याकडे फार आहे. खरे कारण दीर्घ आजार असेल, तर हे दोन शब्द महागात पडू शकतात.

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात वायंडिंगला असलेल्या कामगाराचे उदाहरण घेऊ. नोकरी 4 वर्षे, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 रुपये, त्रास दम्याचा. ग्रॅच्युइटीला एरवी 5 वर्षांची सलग सेवा लागते. पण आजारामुळे आधीचे काम करण्याची क्षमताच गेली असेल, तर ही अट लागू होत नाही. मग हिशेब होतो 13,000 × 15 ÷ 26 × 4, म्हणजे 30,000 रुपये. शिवाय 5 वर्षांच्या आत पीएफ काढल्यास कर लागू शकतो, पण आजारपणामुळे नोकरी संपली असेल तर त्यातून सूट आहे. दोन्ही ठिकाणी कागदावर कारण दिसावे लागते.

म्हणून आधी डॉक्टरांचा दाखला घ्या. 'विश्रांतीची गरज आहे' एवढ्याने भागत नाही. 'सध्या करत असलेले काम यापुढे करता येणार नाही' असे स्पष्ट वाक्य, तारीख, सही-शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. राजीनाम्यात आजाराचे नाव, औषधे, रिपोर्ट काही लिहू नका. ती तुमची खासगी बाब आहे.

नियुक्तिपत्रातली नोटिशीची मुदतही पाहून घ्या. 30 दिवसांची असेल आणि पत्र 1 जूनला दिले, तर दुसऱ्या दिवसापासून मोजून शेवटचा दिवस 1 जुलै येतो. 'आजपासून राजीनामा' लिहिले, तर नोटिशीचा पगार कापला जाण्याची शक्यता असते. तेवढे दिवस झेपणार नसतील तर सूट मागा, सौम्य शब्दांत:

'मा. व्यवस्थापक साहेब,
गेले काही महिने माझ्यावर उपचार सुरू आहेत. वायंडिंगचे काम मला यापुढे करता येणार नाही, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. दाखला सोबत जोडला आहे. या कारणाने मी राजीनामा देत आहे. नोटिशीप्रमाणे माझा शेवटचा दिवस 1 जुलै राहील. तब्येत पाहून 15 जूनला कार्यमुक्त करता आले तर आभारी राहीन. तोवर माझ्या जागी येणाऱ्याला काम समजावून देईन. आजारपणात पाळी बदलून दिलीत, हे मी विसरणार नाही.
आपला विश्वासू'

आभार मानायचे ते असे, घडलेल्या गोष्टीचे. धुळीची किंवा साहेबांची तक्रार या पत्रात नको. धुळीमुळेच आजार झाला असे डॉक्टरांचे मत असेल, तर तो व्यवसायजन्य आजाराचा वेगळा दावा होतो. त्याची चौकशी कामगार विम्याच्या दवाखान्यात राजीनाम्यापूर्वीच करा.

पत्राच्या दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसह 'मिळाले' अशी सही-शिक्का घ्या. ऑफिस सही देत नसेल तर स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा. कार्यमुक्त झाल्यावर पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण कंपनीने काय भरले, ते तपासा. तिथे कारण वेगळे दिसले, तर पोच असलेली हीच प्रत दाखवून दुरुस्ती मागता येते.