काळ्या केसांसाठी रंगाची निवड

मुळात काळ्या असलेल्या केसांवर रंग लावला की पाकिटावरच्या चित्रातली छटा सहसा उतरत नाही. ते चित्र फिकट केसांवरचे असते, आणि काळ्या केसात आधीच भरपूर रंगद्रव्य असते. त्यामुळे कोणता रंग आवडतो याआधी आपले केस उजळताना मधे कोणत्या रंगांतून जातात, हे समजून घेणे जास्त उपयोगाचे ठरते.

केसांचा गडदपणा १ ते १० अशा पातळ्यांत मोजतात. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. काळे म्हटले जाणारे केस बहुतेक वेळा १ ते ३ मध्ये येतात. पाकिटावरच्या आकड्यातला पहिला अंक ही पातळी दाखवतो आणि टिंबानंतरचा अंक छटेची झाक. बऱ्याच कंपन्यांत .१ म्हणजे राखाडी, .३ सोनेरी, .४ तांबूस.

काळे केस उजळू लागले की ते सरळ फिकट होत नाहीत. आधी लालसर, मग लाल-केशरी, पातळी ६ च्या आसपास केशरी आणि ८ च्या आसपास पिवळे होतात. डेव्हलपर म्हणजे रंगात मिसळायचे पेरॉक्साइडचे द्रावण. ६ टक्के (२० व्हॉल्यूम) डेव्हलपरसह लावलेला कायमस्वरूपी रंग केस साधारण एक-दोन पातळ्या उजळतो, ९ टक्के (३० व्हॉल्यूम) दोन-तीन. त्यापुढे ब्लीचशिवाय गत्यंतर नसते. हा नियम न रंगवलेल्या केसांचा आहे. आधी काळा रंग लावलेल्या केसांवर दुसरा रंग लावून ते उजळत नाहीत, तो जुना रंग आधी काढावाच लागतो.

एक उदाहरण घेऊ. केस पातळी २, त्वचा गव्हाळ आणि हवी असलेली छटा ६.१, म्हणजे राखाडी झाकेची. चार पातळ्या चढायच्या म्हणजे ब्लीच आले. ब्लीचनंतर केस केशरी दिसतील. केशरीला निळा मारतो, म्हणून निळसर टोनर, म्हणजे उजळलेल्या केसांची झाक बदलणारा हलका रंग, लावून ती राखाडी छटा मिळेल. पण टोनर प्रत्येक धुण्याबरोबर उतरतो. महिना-दीड महिन्यात खालचा केशरी पुन्हा डोकावतो आणि टोनर नव्याने लावावा लागतो. दरम्यान महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर केस वाढतात, म्हणजे दोन महिन्यांत भांगाशी दोन सेंटिमीटरचा काळा पट्टा स्पष्ट दिसू लागतो. हाच माणूस ४ किंवा फार तर ५ पातळीचा चॉकलेटी किंवा तांबूस तपकिरी रंग निवडेल, तर वर येणारी लाली लपवावी लागत नाही, ती छटेतच मिसळून जाते. उतरतानाही रंग विद्रूप होत नाही आणि मुळांशी फरक हलका राहतो. काळ्या केसांसाठी पहिल्यांदा रंग निवडणाऱ्याने याच टप्प्यात थांबावे.

त्वचा गोरी की सावळी यापेक्षा तिची झाक कोणती, हे पाहावे. दिवसाच्या उजेडात, चेहऱ्यावर काही न लावता, एकदा तांबूस-सोनेरी आणि एकदा निळसर-राखाडी कापड हनुवटीखाली धरावे. ज्या कापडाने डोळ्यांखालची काळी वर्तुळे फिकी वाटतात, त्या घराण्यातली छटा सहसा खुलते. मनगटाच्या शिरांचा रंग पाहण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण सावळ्या त्वचेवर शिरा नीट दिसत नाहीत, तेव्हा तिच्यावर विसंबू नये. भुवया मात्र विसरू नयेत. त्या काळ्याच राहतात, आणि चेहऱ्याभोवतीचे केस फार फिकट झाले की त्या वेगळ्या चिकटवल्यासारख्या दिसतात.

जास्त उजळ रंग हवाच असेल, तर सगळे केस न रंगवता बालायाज करून घेणे शहाणपणाचे. त्यात मुळे काळीच ठेवून लांबीवर आणि टोकांकडे रंग फिकट होत नेतात, त्यामुळे वाढलेला काळा पट्टा उठून दिसत नाही आणि बऱ्याच महिन्यांपर्यंत हात लावावा लागत नाही.

घरी रंगवताना हमखास होणारी चूक म्हणजे मुळांपासून टोकापर्यंत एकाच वेळी रंग लावणे. टाळूच्या उबेने मुळांजवळचे केस लवकर उजळतात आणि तिथे केशरी पट्टा उमटतो, टोके मात्र काळपट राहतात. न रंगवलेल्या केसांना आधी लांबीवर आणि टोकांवर रंग लावावा, मुळांना शेवटी.

बहुतेक गडद कायमस्वरूपी रंगांत पीपीडी नावाचे किंवा त्याच्या जवळचे रसायन असते आणि त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. म्हणून ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून पाहावा. खाज, लाली किंवा सूज आली तर तो रंग वापरू नये. त्याच सुमारास मानेजवळच्या आतल्या एका बटेवर पूर्ण वेळ रंग ठेवून, धुऊन, वाळवून ती उन्हात पाहावी. ओली बट नेहमी गडद दिसते, त्यामुळे निर्णय वाळल्यावरच घ्यावा.