ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी: येण्यापूर्वी वाचा

डॉक्टरांनी चिठ्ठीवर "ओजीटीटी ७५" लिहून दिलं असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. सहसा ही तपासणी गरोदरपणाच्या २४ ते २८ आठवड्यांत होते. पहिल्याच भेटीत केलेल्या तपासणीत साखर ठीक आली होती, आता पुन्हा कशाला, असं बऱ्याच जणी काउंटरवर विचारतात. त्याचं कारण वारेत आहे. वार जसजशी वाढते, तसतशी तिच्यातून निघणारी हार्मोन्स इन्सुलिनचा जोर कमी करतात. बहुतेकींचं शरीर जास्त इन्सुलिन तयार करून ही कसर भरून काढतं, काहींचं कमी पडतं. तिसऱ्या महिन्यात हे दिसत नाही, सहाव्या-सातव्यात दिसतं.

आधी चिठ्ठी नीट पाहा, कारण या तपासणीचे दोन प्रकार आहेत. एकात पोट रिकामं असो वा भरलेलं, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन बरोबर २ तासांनी एकदाच रक्त घेतात. सरकारी आरोग्य केंद्रांत साधारण हीच पद्धत असते. दुसऱ्या प्रकारात उपाशीपोटी यावं लागतं आणि रक्त तीनदा घेतात: ग्लुकोजच्या आधी, १ तासाने आणि २ तासांनी. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्या तीनदा रक्त घेण्याच्या असतात, म्हणून पुढची माहिती त्याच तपासणीची आहे. चिठ्ठीवरून कळत नसेल, तर जेवणाचं ठरवण्याआधी फोन करून विचारा.

आधीचे तीन दिवस

सगळ्यात मोठी चूक इथे होते. "तपासणी आहे, भात बंद कर" असा सल्ला घरात कुणीतरी देतंच. तो ऐकू नका. तीन दिवस भात-पाव सोडून फक्त मासळी आणि भाजीवर राहिलात, तर शरीराला एकदम आलेली साखर हाताळायची सवय राहत नाही, इन्सुलिन सुस्त सुटतं आणि आजार नसताना आकडा वर चढू शकतो. म्हणजे जी साखर लपवायला भात सोडला, तीच उगाच वाढलेली दिसते. तेव्हा सकाळची पेज, दुपारचं शीत-हुमण, संध्याकाळी चहाबरोबरचा उंडो, जे रोज खाता ते रोजच्याएवढंच खा. मुद्दाम गोड खाऊन पाहण्याचीही गरज नाही.

श्रावणातला सोमवार किंवा संकष्टी आदल्या दिवशी येत असेल, तर तारीख पुढे घ्या. ताप असेल, उलट्या चालू असतील किंवा बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल, तरीही आधी डॉक्टरांना विचारा. त्या इंजेक्शनने साखर काही दिवस चढलेली राहते.

आदली रात्र आणि ती सकाळ

रात्रीचं जेवण ९ ते १० च्या दरम्यान उरका. त्यानंतर साधं पाणी सोडून काहीही नाही. बिनसाखरेचा चहा चालेल का, असं विचारतात, नाही चालणार. निदान ८ तास पोट रिकामं हवं, पण १४ तासांच्या वर नको. रात्री ११ ला जेवून सकाळी साडेसहाला आलात, तर ८ तास भरत नाहीत आणि पहिला आकडा भरवशाचा राहत नाही. सत्तरीतून पहिली बस पकडून उपाशी येणाऱ्यांनी सोबत कुणाला तरी आणावं. डबाही आणा, तिसरं रक्त दिल्याबरोबर खाता येईल. सकाळच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून ठेवा आणि त्या बरोबर आणा.

पहिलं रक्त घेतल्यावर साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवलेलं ग्लुकोज देतो. ते गोडमिट्ट लागतं, त्यात आमचा इलाज नाही. ५ ते १० मिनिटांत हळूहळू संपवा. एका दमात ढोसलं तर मळमळतं. पहिला घोट घेतला की घड्याळ सुरू होतं, ग्लास संपल्यावर नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तपासणी तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. त्यानंतर कधीही झाली तरी आम्हाला लगेच सांगा.

मधले दोन तास बसून राहायचं. बाजारात फेरी मारून येते असं म्हणू नका: चालताना स्नायू साखर वापरतात आणि आकडा खरा असेल त्यापेक्षा खाली येतो.

रक्त आम्ही राखाडी टोपणाच्या नळीत घेतो. साध्या नळीत रक्तपेशी आतली साखर खात राहतात आणि आकडा तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घसरू शकतो. राखाडी नळीतलं औषध ते रोखतं, पण त्यालाही थोडा वेळ लागतो. म्हणून नळी तशीच ठेवून न देता लवकर फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. हे तुम्ही कुठल्याही लॅबमध्ये विचारू शकता.

अहवाल कसा वाचायचा

तीन नमुन्यांच्या तपासणीत मर्यादा अशा आहेत: उपाशीपोटी ९२, १ तासाने १८०, २ तासांनी १५३. तिन्हींपैकी एक जरी आकडा मर्यादेला पोचला किंवा ओलांडून गेला, तरी गरोदरपणातला मधुमेह धरतात. सरासरी काढत नाहीत.

समजा तुमचे आकडे ८८, १८६ आणि १४६ आले. पहिला ठीक, तिसरा ठीक, मधला ६ ने वर. म्हणजे रात्रभरात साखर आटोक्यात राहते आणि दोन तासांनी खालीही येते, पण खाल्ल्यानंतर इन्सुलिन उशिरा पोचतं आणि मधे साखर उसळते. "दोन बरोबर, एकच चुकला" असं म्हणून हा कागद कपाटात ठेवू नका, निदान झालेलं आहे. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा अधिक, अथवा २ तासांची २०० किंवा अधिक आली, तर मधुमेह गरोदरपणाच्या आधीपासूनच असण्याची शक्यता मोठी. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

जाऊबाईंच्या कागदाशी आपला कागद ताडू नका. एकदाच रक्त घ्यायच्या तपासणीत २ तासांची मर्यादा १४० आहे, तिथे १४६ म्हणजे वाढलेली साखर. तुमच्या तपासणीत तिसऱ्या रकान्यात तोच १४६ ठीक ठरतो. तपासणी वेगळी, म्हणून मोजपट्टी वेगळी.

निदान झालं म्हणजे लगेच इन्सुलिन, असं नाही. बहुधा आधी दोन आठवडे आहार बदलून पाहतात. भात सोडायचा नाही, वाटायचा: एका वेळी ताटभर न घेता थोडा घ्यायचा, त्याबरोबर मासळी किंवा डाळ आणि भाजी वाढवायची. उकड्या तांदळाची पेज साखर वाढवत नाही अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. वाढवते, म्हणून तीही मोजूनच. जेवणानंतर डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर थोडं चाला. नंतर पुन्हा रक्त पाहतात तेव्हा उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर २ तासांनी १२० च्या खाली साखर असावी, असा हिशेब असतो. तेवढ्याने भागलं नाही तर औषध. इन्सुलिन द्यावं लागलं, तर ते वार ओलांडून बाळापर्यंत जवळजवळ जात नाही, आईच्या रक्तातली वाढलेली साखर मात्र जाते.

प्रसूतीनंतर बहुतेकींची साखर पूर्वपदावर येते, पण ६ आठवड्यांनी ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा करून घ्यावी लागते. तेव्हा मर्यादा गरोदरपणातल्या राहत नाहीत. २ तासांची साखर १४० च्या खाली हवी, १४० ते १९९ म्हणजे काठावर. त्या दिवशी जुना अहवाल आणा. बाळालाही घेऊन या, दोन तासांत त्याला पाजायला आतली खोली मोकळी असते.