अहवालाच्या वरचा ईमेल : आम्ही तो कसा लिहितो, तुम्ही तो कसा वाचावा

पुरवठादाराच्या माहिती-सुरक्षेची आमची पडताळणी संपली की तुमच्या खरेदी प्रमुखांकडे तीन गोष्टी जातात: पुरवठादाराने भरलेली प्रश्नावली, त्याने दिलेले पुरावे आणि आमचा अहवाल. या सगळ्याच्या वर एक ईमेल असतो. खरं सांगायचं तर अनेकदा तेवढाच वाचला जातो, आणि त्यात काही चूक नाही. म्हणून करारावर सही करायची की नाही, हे ठरवायला जे लागतं ते सगळं त्या ईमेलमध्येच बसवायचा आमचा प्रयत्न असतो.

उदाहरण म्हणून असा पुरवठादार धरा, जो पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर क्लाउडवर चालवून देतो. प्रश्नावलीत 120 प्रश्न. 109 उत्तरं ‘होय’, 4 ‘नाही’, 7 ‘लागू नाही’. पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर त्या चार नकारांवर जाते. आम्ही आधी होकार तपासतो, कारण नकार देणाऱ्याने निदान खरं सांगितलेलं असतं.

‘रोज बॅकअप घेता का?’ याला उत्तर होतं होय. पुरावा म्हणून बॅकअप पूर्ण झाल्याच्या नोंदी जोडलेल्या. पण त्या नोंदींवरून एवढंच कळतं की प्रत तयार झाली. ती प्रत परत उघडते का, हे कोणी करून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि अशा चाचणीचा एकही कागद आम्हाला मिळाला नाही. पुढच्याच उत्तरात ‘यंत्रणा 4 तासांत पूर्ववत करू’ असं लिहिलं होतं. चाचणीच झाली नसेल, तर हे 4 तास म्हणजे नुसता अंदाज. शिवाय बॅकअप दिवसातून एकदाच होत असेल, तर सगळं सुरळीत पार पडलं तरी जवळपास 24 तासांच्या नोंदी हातच्या जाऊ शकतात. पगाराच्या आदल्या दिवशी असं झालं तर हजेरी आणि कपाती पुन्हा हाताने भराव्या लागतील. ईमेलमध्ये आम्ही हा परिणाम लिहितो, तांत्रिक संज्ञा नाही.

दुसरा होकार माहिती-सुरक्षेच्या आयएसओ 27001 प्रमाणपत्राचा. प्रमाणपत्र खरं होतं, मुदतीतही होतं. मात्र त्यावरच छापलेल्या व्याप्तीच्या ओळीत फक्त सर्व्हर सांभाळणारा विभाग होता. ग्राहकांच्या तक्रारी सोडवताना लोकांचे पगार ज्याच्या पडद्यावर दिसतात, तो मदत विभाग व्याप्तीबाहेर. ही ओळ कोणालाही वाचता येते. फक्त ती शोधावी लागते.

‘उप-पुरवठादार’ या प्रश्नाला उत्तर होतं ‘लागू नाही’. आणि आणखी तीस-एक प्रश्नांनंतर त्यांनीच लिहिलं होतं की सर्व्हर दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतले आहेत!

यावरून तयार झालेला ईमेल असा:

विषय: पगारपत्रक पुरवठादार – अटींसह मंजुरीची शिफारस, निर्णय हवा

महोदया,
या पुरवठादाराला अटींसह मंजुरी द्यावी, अशी आमची शिफारस आहे. पहिल्या दोन अटी सहीपूर्वी पूर्ण व्हाव्यात.

1. बॅकअप परत उघडून दाखवल्याचा पुरावा नाही. एक चाचणी करून लागलेला वेळ लेखी कळवावा.
2. उप-पुरवठादारांबद्दलची उत्तरं परस्परविरोधी आहेत. पूर्ण यादी द्यावी; तीत बदल करण्यापूर्वी आपल्याला कळवण्याचं कलम करारात यावं.
3. मदत विभाग प्रमाणपत्राच्या व्याप्तीबाहेर आहे. सहीनंतर 90 दिवसांत त्या विभागाच्या प्रवेश-अधिकारांचा आढावा घेऊन तो सादर करावा.

पहिली अट पूर्ण होण्याआधी सही करायची असल्यास ती जोखीम पगार विभागाच्या प्रमुखांनी लेखी स्वीकारावी. चार नकारांपैकी एकही निर्णय बदलणारा नाही. तपशील अहवालात आहे.

एवढंच. यात गुण किंवा टक्केवारी नाही, याबद्दल ग्राहक हमखास विचारतात. वरच्या उदाहरणात होकार मोजले तर जवळपास 91 टक्के भरतात, आणि तो आकडा पाहून कोणीही निश्चिंतपणे सही करेल. बॅकअपची गोष्ट मात्र उरलेल्या 9 टक्क्यांत नाहीच. ती त्या 91 मध्ये लपलेली आहे.

वाचताना क्रियापदांकडे लक्ष द्या. आम्ही ‘आहे’ लिहितो तेव्हा पुरावा आमच्या डोळ्यांसमोरून गेलेला असतो. ‘पुरवठादाराच्या म्हणण्यानुसार’ असं लिहिलं असेल, तर तो फक्त त्यांचा शब्द आहे. आम्ही त्यांच्या यंत्रणेत शिरून तपासणी करत नाही, कागद तपासतो. म्हणून पुरावे कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत, हे प्रत्यक्ष पाठवलेल्या ईमेलच्या तळाशी दिलेलं असतं. सही लांबली आणि मधल्या काळात प्रमाणपत्राची मुदत संपली किंवा सर्व्हर दुसरीकडे हलले, तर आम्हाला कळवा. तेवढीच उत्तरं पुन्हा मागवून आम्ही ईमेल नव्याने पाठवतो. पूर्ण प्रश्नावली परत भरून घ्यावी लागत नाही.